घट्ट दही: विरजण किती, दूध किती गरम?

गिऱ्हाइकाला दही रोज सारखंच पाहिजे असतं. म्हणून दुधात बोट बुडवून अंदाज घेणं सोडा, थर्मामीटर घ्या.

समजा, म्हशीचं ५ लिटर दूध आहे. उकळी आली की मंद आचेवर १० मिनिटं ढवळत राहा. थोडं पाणी आटतं, दही घट्ट लागतं. मग ४२ अंशांपर्यंत निवू द्या. ७५ ग्रॅम ताजं, आंबट नसलेलं विरजण थोड्या दुधात फेटून सगळ्या दुधात मिसळा, डब्यांत ओता आणि हलवू नका. साधारण ५-६ तासांत लागतं.

दूध ५० अंशांच्या वर असताना विरजण घातलं तर त्यातले जिवाणू मरायला लागतात. दही लागत नाही, नाहीतर पातळच राहतं. फार थंड दुधात ते उशिरा आणि कधी तार सुटणारं लागतं.

आपल्या वर्ध्याचा मे महिना वेगळा! खोलीच गरम, दूध निवतच नाही. तेव्हा ३८ अंशांवर ५० ग्रॅमच घाला. जास्त विरजणानं दही लवकर लागतं खरं, पण आंबतं आणि वर पाणी सुटतं. डिसेंबरात मात्र ७५ ग्रॅमच ठेवा आणि डबे पोत्यात गुंडाळा.

डबा हळूच तिरपा करा. दही एकसंध राहिलं की लगेच फ्रिजमध्ये.