पाण्याच्या वाटेवरचे डमरू

डिप्लोमा करून कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी मी एक कागद दिला. त्यावर कच्च्या पाण्याची एक टाकी, तिच्याखाली दोन पंप, मधल्या रेषांवर पाचसात व्हॉल्व्ह आणि चार गोळे होते. कागद दोनदा फिरवून पाहत तिने विचारलं, "सर, टाकीपासून पंप किती लांब आहे?"

ते या कागदावर नाही, आणि नसतंच. याला आम्ही 'पी अँड आयडी' म्हणतो, म्हणजे पायपिंग आणि इन्स्ट्रुमेंटेशनचा आराखडा. मुंबईच्या लोकलच्या डब्यात स्टेशनांचा नकाशा लावलेला असतो ना, तसंच हे. दादरनंतर माटुंगा, मग सायन; दोन ठिपक्यांमधलं अंतर खरं नाही, क्रम मात्र खरा. कागदावर पंप टाकीच्या उजवीकडे दिसला म्हणून जागेवर तो डावीकडे नसेलच असं नाही. पण पाणी आधी कशातून जातं आणि मग कशातून, याबाबत कागदाने चूक केली तर ती महागात पडते.

म्हणून हा कागद डावीकडून उजवीकडे नव्हे, पाण्याच्या वाटेने वाचायचा. जाड रेषा म्हणजे पाण्याचा पाइप. रेषेच्या अंगावर `80-RW-102` असं काही लिहिलेलं असतं: ८० मिलिमीटरचा पाइप, कच्चं पाणी, एकशेदोन नंबरची लाइन. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण दिसले की तो व्हॉल्व्ह. तिने त्याला लगेच 'डमरू' नाव ठेवलं, आणि मला ते पुस्तकातल्या शब्दापेक्षा जास्त आवडलं. नुसता डमरू म्हणजे बहुधा गेट व्हॉल्व्ह, जो एक तर पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण बंद करायचा. डमरूच्या कमरेत भरलेला काळा ठिपका असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह, पाणी कमीजास्त करायचा. कमरेत पोकळ गोल असेल तर बॉल व्हॉल्व्ह. सगळा डमरूच काळा भरलेला असेल, तर अनेक ठिकाणी त्याचा अर्थ 'एरवी बंद ठेवायचा' असा होतो. अनेक ठिकाणी म्हणतो, सगळीकडे नाही. काही जण डमरू रिकामा ठेवून शेजारी `NC` लिहितात. प्रत्येक कंपनीच्या आराखड्यांच्या गठ्ठ्यात चिन्हांचा अर्थ सांगणारं एक पान सुरुवातीला असतं. ते न वाचता पुढे जाणारे पुढे फसतात.

आता पंप. एक गोल, त्याच्या काठाला टेकून बाहेर निघणारी डिलिव्हरीची रेष, आणि वर `P-101A`. शेजारी `P-101B`, म्हणजे जोडीचा राखीव पंप. एक चालू असताना दुसरा थांबलेला असतो. डिलिव्हरीच्या रेषेवर ओळीने तीन गोष्टी आहेत: आधी प्रेशर गेज, मग एनआरव्ही, मग गेट व्हॉल्व्ह. पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा तो एनआरव्ही. त्याचं चिन्हही दिशा दाखवतं आणि कागदावर ते उलटं काढलं गेलं तर फिटर ते उलटं बसवतोही.

"क्रम बदलला तर काय होईल?" मी विचारलं. ती म्हणाली, "पाणी तर जाईलच की."

पाणी जाईल, पण एनआरव्ही बिघडेल त्या दिवशी अडचण होईल. तो गेट व्हॉल्व्हच्या पुढे बसवला असता, तर तो उघडण्यासाठी पुढची सगळी लाइन रिकामी करावी लागली असती. आत्ताच्या क्रमात सक्शनचा आणि डिलिव्हरीचा असे दोन डमरू बंद केले की पंप आणि एनआरव्ही दोन्ही बाजूला काढता येतात, आणि तेवढ्यात दुसरा पंप कारखाना चालवत राहतो. गेज पंप आणि एनआरव्हीच्या मधे ठेवण्यामागेही कारण आहे. तिथे ते त्या पंपाचाच दाब दाखवतं. एनआरव्हीच्या पुढे असतं तर पंप बंद असतानाही दुसऱ्या पंपाच्या जोरावर काटा वर दिसला असता.

याच जागेवरून एक नेहमीची खोडी पकडता येते. समजा `P-101B` चा एनआरव्ही कचरा अडकून अर्धवट उघडा राहिला. `P-101A` चालू केला की त्याचं काही पाणी पुढे जाण्याऐवजी बंद पंपातून उलटं टाकीत परततं. पुढे पाणी कमी, गेजचा काटा नेहमीपेक्षा खाली, आणि चालू पंप नेहमीइतकाच गुरगुरतोय. अशा वेळी चालू पंप खोलायला घेणारे मी पाहिलेत. आधी थांबलेल्या पंपाकडे बघावं. त्याचा शाफ्ट उलटा फिरत असेल तर गुन्हेगार तिथे आहे. तशा उलट्या फिरणाऱ्या पंपाची मोटर कुणी त्याच क्षणी चालू केली तर शाफ्टवर एकदम जबर ताण येतो, म्हणून आधी त्याच्या डिलिव्हरीचा डमरू बंद करायचा.

सक्शनच्या बाजूला एक चिन्ह नवख्यांच्या नजरेतून सुटतं: एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला तिरकी अशी लहानशी चौकट. ८० मिलिमीटरचा पाइप पंपाच्या ६५ मिलिमीटरच्या तोंडाला जोडणारा हा रिड्यूसर. आडव्या पाइपमध्ये त्याची सपाट बाजू वर हवी. तिरकी बाजू वर आली तर तिथल्या कोपऱ्यात हवा साठते आणि ती पंपात शिरली की पंप खडखडतो.

आता गोळे. गोळा म्हणजे मोजणारं किंवा ताबा ठेवणारं उपकरण, आणि त्याच्या पोटातली अक्षरं त्याचं काम सांगतात. ही अक्षरं आज बहुतेक जण अमेरिकेतल्या आयएसए या संस्थेच्या ५.१ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे लिहितात. त्याची पहिली आवृत्ती १९४९ची. पहिलं अक्षर काय मोजायचं ते सांगतं: `L` म्हणजे पातळी, `P` म्हणजे दाब, `F` म्हणजे प्रवाह. पुढची अक्षरं त्या मापाचं काय करायचं ते सांगतात. `LG` ही टाकीला लावलेली नुसती काच, जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहायची. `LT` पातळी मोजून संदेश पाठवतो. `LIC` ती पातळी दाखवतो आणि तिच्यावर ताबाही ठेवतो.

गोळा कसा काढलाय तेही बघायचं. नुसता गोळा म्हणजे उपकरण जागेवर. गोळ्याला मधून आडवी रेष म्हणजे ते कंट्रोल रूममध्ये, ऑपरेटरच्या हाताखाली. गोळ्याभोवती चौकोन म्हणजे ते संगणकाच्या पडद्यावर. आमच्या कागदावर `LT-101` नुसता गोळा आहे. त्याच्यापासून तुटक रेष, म्हणजे विजेचा संदेश, चौकोनातल्या `LIC-101` कडे जाते आणि तिथून टाकीत पाणी आणणाऱ्या लाइनवरच्या व्हॉल्व्हकडे. त्या डमरूच्या डोक्यावर छत्रीसारखा अर्धगोल आहे, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक जे काम करतो तेच हे, फक्त लांबून. छत्रीखाली `FC` लिहिलंय: हवा गेली तर हा व्हॉल्व्ह बंद होईल. आमच्या टाकीला ते ठीक आहे, कारण हवा गेली तर टाकी उतू जाणार नाही. हीच टाकी आग विझवायच्या पाण्याची असती तर मी तिथे `FO`, म्हणजे उघडा राहणारा, मागितला असता.

आणि टाकीच्या तळाशी वेगळा एक गोळा: `LSLL-102`. पातळी फार म्हणजे फारच खाली गेली की तोंड उघडणारा हा स्विच. त्याची तुटक रेष एका हिऱ्याच्या आकारातून पंपाच्या मोटरकडे जाते. तो हिरा म्हणजे इंटरलॉक. माणसाला न विचारता पंप बंद करणारा.

"`LT` आहे ना पातळी सांगायला, मग हा दुसरा कशाला?" तिचा प्रश्न बरोबर होता. मी आधी तिला हिशेब करायला लावला. टाकीचा व्यास २ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस मीटर. पंप तासाला १० हजार लिटर ओढतो, म्हणजे मिनिटाला साधारण १६७ लिटर. वरून पाणी येणं बंद असेल तर पातळी मिनिटाला ५.३ सेंटिमीटरने उतरते. धोक्याची घंटा `LT-101` च्या मापावर ६० सेंटिमीटरला वाजते आणि `LSLL` पंप ४० ला थांबवतो. म्हणजे घंटा वाजल्यावर ऑपरेटरच्या हातात चारपेक्षा किंचित कमी मिनिटं.

मग माझ्या जुन्या नोकरीतली एक रात्र सांगितली. तिथली टाकी अशीच होती. पातळीचा `LT` तळाशी पाण्याचं वजन, म्हणजे दाब, मोजतो. त्याच्या आणि टाकीच्या मधे एक छोटा व्हॉल्व्ह असतो. दुपारी सफाईला तो बंद केला आणि उघडायला कुणी विसरलं. आत कोंडलेला दाब तसाच राहिला आणि पडद्यावर पातळी २.२ मीटरवर थिजली. नियंत्रकाला ठेवायची होती २ मीटर. त्याने येणारं पाणी कमी केलं. पातळी हलेना, तेव्हा आणखी कमी केलं, शेवटी पूर्ण बंद केलं. पंप ओढत राहिला. घंटा त्याच `LT` च्या भरवशावर होती, ती वाजलीच नाही. अर्ध्या तासावर काही मिनिटं गेली आणि `LSLL` ने पंप थांबवला. पडद्यावर पातळी तरीही २.२. रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणाला, स्विच खोटं बोलतोय, बायपास करून पंप चालू करतो. सुदैवाने त्याआधी कुणीतरी बॅटरी घेऊन टाकीच्या काचेपाशी गेलं. काचेत पाणी तळाशीच होतं. पंप कोरडा चालला असता तर सीलच्या घासणाऱ्या चकत्या तापून तडकल्या असत्या.

असा थिजलेला आकडा ओळखायला मी तिला पडद्यावरचा आलेख दाखवला. पंप चालू असताना टाकीतलं पाणी कधी स्थिर नसतं. रेष बारीक थरथरते. दगडासारखी सपाट रेष दिसली की आकडा चांगला असला तरी काचेपाशी जाऊन यायचं. दोन वेगळी उपकरणं कागदावर दोन वेगळे गोळे म्हणून का असतात, तेही तिला मग नीट कळलं. `LSLL` ची रेष `LT-101` मधून काढलेली असती, तर त्या रात्री पंप थांबवणारं कुणीच नव्हतं.

दुपारी तिला कागद आणि लाल पेन घेऊन जागेवर पाठवलं. काम एकच: पाण्याच्या वाटेने चालायचं, प्रत्येक चिन्हाला हात लावायचा आणि कागदाशी जुळलं की टिक करायची. तासाभराने ती धुळीने माखून परतली. सगळ्या टिका झाल्या होत्या, फक्त एका ठिकाणी तिने लाल पेनने एक बारकासा नवा डमरू काढला होता, `P-101A` आणि त्याच्या एनआरव्हीच्या मधे. तिथे अर्ध्या इंचाचा एक व्हॉल्व्ह होता, आमच्या कुठल्याच आवृत्तीत नसलेला, आणि त्याला हिरवी रबरी नळी जोडलेली होती. नळी थेट फाटकापाशी गुलाबांच्या वाफ्यात गेली होती.

"सर, हा डमरू काळा भरू की रिकामा ठेवू?"

"ते माळीकाकांना विचारून ये."