जर्मन भाडेकरार वाचताना

जर्मनीतला भाडेकरार, म्हणजे 'मीटफेरट्राग', कितीही पानांचा असला तरी त्यात आधी शोधायचा तो 'काल्टमीटे'चा आकडा. हे नुसत्या जागेचं भाडं. पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग यांचा खर्च 'नेबेनकोस्टेन' म्हणून वेगळा लिहिलेला असतो. दोन्ही मिळून 'वार्ममीटे' होते.

समजा, काल्टमीटे ६०० युरो आणि नेबेनकोस्टेन १८० युरो आहे. दरमहा ७८० युरो द्यावे लागले तरी अनामत रक्कम, म्हणजे 'काउत्सिओन', ६०० वरच मोजली जाते. कायद्याने ती काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही; इथे १,८०० युरो ही मर्यादा. करारात २,३४० युरो दिसले, तर हिशेब ७८० वर केला आहे हे उघड आहे आणि वरचे ५४० युरो मागण्याचा घरमालकाला हक्क नाही. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देता येते आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. किल्ल्या घेण्याआधी सगळी रक्कम भरावी, असं कलम असलं तरी भाडेकरूची ही सवलत जात नाही.

घर सोडण्याच्या सूचनेची मुदत, 'क्युंडिगुंग्सफ्रिस्ट', भाडेकरूसाठी तीन महिने असते. चूक होते ती तारखेत. सूचना महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडली, तरच तो महिना धरला जातो. पत्र १ एप्रिलला पोचलं तर करार ३० जूनला संपतो; तेच १० एप्रिलला पोचलं तर ३१ जुलैला, म्हणजे आणखी एका महिन्याचं भाडं. सूचना कागदावर, सहीनिशी द्यावी लागते. ईमेल चालत नाही. 'क्युंडिगुंग्सफरत्सिख्ट' हा शब्द दिसला तर तिथे थांबून नीट वाचावं: ठरावीक काळ घर सोडणार नाही, अशी ती कबुली असते आणि छापील करारातही ती चार वर्षांपर्यंत बांधून ठेवू शकते.

नेबेनकोस्टेनपुढे 'फोराउसत्सालुंग' लिहिलं असेल तर १८० युरो ही अंदाजे उचल असते. वर्षाचा खर्च २,४०० युरो निघाला आणि भरलेले २,१६० असले, तर उरलेले २४० द्यावे लागतात; खर्च कमी झाला तर पैसे परत मिळतात. 'पाउशाले' लिहिलं असेल तर रक्कम ठोक असते आणि वर्षअखेर हिशेब होत नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत घरमालकाने हिशेब पाठवला नाही, तर सहसा त्याला फरक मागता येत नाही. हिशेब आल्यावर त्यात दुरुस्तीचा किंवा व्यवस्थापनाचा खर्च घातला आहे का, हे आधी पाहावं, कारण तो भाडेकरूवर टाकता येत नाही. घर सोडल्यावरही हा हिशेब बाकी असेल, तर संभाव्य फरकापुरती अनामत घरमालक तोवर राखून ठेवू शकतो.