आधी शेवटची ओळ वाच

प्रिय छोट्या,

जेईईतलं लांबलचक गणित दिसलं की लगेच आकडेमोडीला लागू नकोस. आधी शेवटची ओळ वाचून नेमकं काय विचारलंय ते बघ, मग दिलेल्या आकड्यांचे मोल करून घे.

समज, १० ग्रॅम अशुद्ध चुनखडीत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५० मिली घातलं. उरलेल्या आम्लाला ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २०० मिली लागलं. अशुद्धीची आम्लाशी अभिक्रिया होत नाही. तर चुनखडीची शुद्धता किती?

घातलेलं आम्ल ०.२५ मोल, उरलेलं ०.१ मोल. म्हणजे चुनखडीत ०.१५ मोल खर्ची पडलं. मुलं घसरतात ती इथेच. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणून कार्बोनेट ०.०७५ मोल. रेणुभार १००, तेव्हा ७.५ ग्रॅम, शुद्धता ७५ टक्के.

निम्मं करायला विसरलास तर उत्तर १५ ग्रॅम येईल, आणि नमुना तर १० ग्रॅमचाच! पण प्रत्येक चूक अशी उघडी पडत नाही. नमुना २० ग्रॅमचा असता, तर तेच चुकीचं उत्तर खपून गेलं असतं. म्हणून संतुलित समीकरण आकडेमोडीच्या आधी लिहायचं.

तुझा,
दादा