एक ब्रास वाळू म्हणजे नेमकी किती? दर ठरवण्याआधी हा हिशोब समजून घ्या

बारामतीजवळच्या जळोचीत घराचं बांधकाम सुरू आहे. इंजिनिअरने दिलेल्या कागदावर स्लॅबसाठी वाळू ३ घनमीटर आणि खडी ६ घनमीटर असं लिहिलंय. पण पुरवठादार फोनवर विचारतो, "किती ब्रास टाकू?" इथेच अनेकांचा गोंधळ होतो.

ब्रास म्हणजे काय?

वाळू-खडीच्या व्यवहारात १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. घनमीटरमध्ये ते २.८३ होतं. त्यामुळे घनमीटरच्या आकड्याला २.८३ ने भागलं की ब्रास मिळतात. म्हणजे या घराला साधारण १.०६ ब्रास वाळू आणि २.१२ ब्रास खडी लागेल.

नेहमीची चूक अशी की, १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून घनमीटरलाही ३.२८ नेच गुणलं जातं. पण इथे लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बदलतात. त्यामुळे १ घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट.

स्वस्त दर कोणता?

समजा, एक जण ६,२०० रुपये ब्रास सांगतो आणि दुसरा २,३०० रुपये घनमीटर. ऐकायला दुसरा स्वस्त वाटतो. पण २,३०० ला २.८३ ने गुणलं तर ब्रासचा दर सुमारे ६,५०० रुपये होतो. म्हणजे पहिलाच स्वस्त.

ट्रॉली आल्यावर काय मोजायचं?

ट्रॉलीची मापं आतून घ्या. आतली लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि फाळक्याची उंची २ फूट असेल, तर काठोकाठ भरल्यावर १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास माल बसतो. पण माल सपाट केल्यावर थर २० इंचच भरला, तर तो १०० घनफूट, म्हणजे १ ब्रासच. पैसे १.२ ब्रासचे दिले, तर २० घनफूट माल कमी मिळाला. म्हणून माल खाली करण्याआधी सपाट करून, तीन-चार ठिकाणी खोली मोजा आणि सरासरी काढा. मधला ढीग उंच दिसतो, पण कोपरे रिकामे असू शकतात.

ओल्या वाळूचा फसवा फुगवटा

किंचित ओल्या वाळूचे कण एकमेकांपासून दूर राहतात. त्यामुळे तिचं आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. बारीक वाळू जास्त फुगते. तपासायला काचेच्या ग्लासात वाळू न दाबता भरा, पातळीची खूण करा. मग वाळू बाहेर काढा, ग्लास अर्धा पाण्याने भरा आणि तीच वाळू पुन्हा आत सोडून ढवळा. वाळू खाली बसल्यावर पातळी जितकी उतरेल, तितका फुगवटा होता. खडीत हा प्रश्न जवळपास येत नाही.

आणखी एक गोष्ट. सेंट्रिंग किंवा फरशीच्या कामात मिस्त्री 'ब्रास' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ १०० चौरस फूट असतो. तो आकडा वाळूच्या ऑर्डरमध्ये वापरू नका. पावतीवरही नुसतं 'एक ट्रॉली' न लिहिता किती घनफूट माल आला ते लिहून घ्या.