पोर्टलचा पत्ता बदलला, बुकमार्कचं काय?

‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, कर्मचारी पोर्टलची जुनी लिंक बंद करण्यात येत असून यापुढे नवीन लिंक वापरावी.’ एवढीच सूचना ईमेलने येते, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते आणि दोन दिवसांत बाकीच्या मेसेजांखाली दबून जाते. महिनाअखेरीला कुणाला पगाराची स्लिप काढायची असते, कुणाला रजेचा अर्ज भरायचा असतो. हात सवयीने जुन्याच बुकमार्कवर जातो, पान उघडत नाही आणि आयटी विभागाचा फोन वाजायला लागतो. सूचना खोटी नव्हती, पण तिने निम्मंच काम केलं होतं. सर्व्हरवर पोर्टलचा पत्ता बदलणं हे चार जाणत्या माणसांचं काम आहे. प्रत्येकाच्या संगणकात आणि फोनमध्ये बसलेला जुना पत्ता मात्र ज्याचा त्यालाच बदलावा लागतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. एका संस्थेचं पोर्टल आजवर `http://intranet.example.org/hr/` या पत्त्यावर होतं आणि आता ते `https://staff.example.org/` इथे गेलं. (`example.org` हे नाव अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.) असा बदल हौसेने कुणी करत नाही. पूर्वी पोर्टल कार्यालयातल्याच सर्व्हरवर असतं आणि फक्त कार्यालयाच्या नेटवर्कमधून उघडतं. पुढे ते घरूनही उघडावं लागतं, मग ते बाहेरच्या सुरक्षित सर्व्हरवर जातं. कधी सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी बदलते. पत्त्याच्या सुरुवातीचं `http` जाऊन तिथे `https` येतं, म्हणजे तुमचा पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात जायला लागतो.

बहुतेक ठिकाणी जुना पत्ता लगेच मारून टाकत नाहीत. तिथे रीडायरेक्ट लावतात, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला सर्व्हर आपणहून नव्या पत्त्यावर पाठवतो. गोंधळ खरा इथे सुरू होतो. जुना बुकमार्क दाबला तरी पोर्टल उघडतंय, मग बदलायचं कशाला, असं सगळ्यांना वाटतं. रीडायरेक्ट चालू आहे तोवर कुणी काही करत नाही आणि तो काढला की सगळे एकदम अडकतात. दुसरी अडचण थोडी बारीक आहे. पुष्कळदा रीडायरेक्ट सगळ्यांना फक्त मुखपृष्ठावर आणून सोडतो. तुम्ही थेट रजेच्या अर्जाचं पान बुकमार्क करून ठेवलं असेल, तर ते पान मिळत नाही, कारण नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पानाचा पत्ताच वेगळा असतो. अशा वेळी पत्त्यातला पुढचा भाग तेवढा बदलून भागत नाही. नव्या पोर्टलमध्ये ते पान शोधून, उघडून, त्याचा पत्ता नव्याने घ्यावा लागतो.

आता बुकमार्क. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे नवं पान उघडून `Ctrl+D` दाबायचं आणि काम झालं असं समजायचं. त्याने नवा बुकमार्क तयार होतो, पण जुना तसाच राहतो. दोघांची नावं सारखीच, ‘कर्मचारी पोर्टल’, आणि बोट पडतं ते वर्षानुवर्षांच्या जागेवर असलेल्या जुन्यावरच. म्हणून नवा जोडण्यापेक्षा जुना दुरुस्त करावा.

क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत विंडोजवर `Ctrl+Shift+O` दाबलं की साठवलेल्या बुकमार्कची यादी उघडते. एजमध्ये त्यांना फेव्हरिट्स म्हणतात, एवढाच फरक. या यादीत शोधायची चौकट असते. तिथे पोर्टलचं नाव टाकू नका, जुना पत्ता टाका. आपल्या उदाहरणात `intranet.example.org` असं टाकलं की त्या पत्त्याचे सगळे बुकमार्क एकत्र दिसतात. एक मुखपृष्ठाचा, एक पगार स्लिपचा, एक कुठल्याशा फोल्डरमध्ये पडलेला आणि विसरलेला. प्रत्येकावर उजवी क्लिक करून `Edit` निवडायचं, `URL` च्या चौकटीतला जुना पत्ता पूर्ण पुसायचा, नवा घालायचा आणि जतन करायचं. फायरफॉक्समध्ये एखादा बुकमार्क निवडला की त्याच्या पत्त्याची चौकट त्याच खिडकीत खाली दिसते. शेवटी तोच शोध पुन्हा करून पाहावा. यादी रिकामी आली की त्या ब्राउझरचं काम संपलं. कार्यालयात एक ब्राउझर आणि घरी दुसरा वापरत असाल, तर दोन्हीकडे हे करावं लागेल.

कोणतं पान बुकमार्क करायचं, हे सूचनेत जवळपास कधीच लिहिलेलं नसतं. लोक लॉगिनचं पान बुकमार्क करतात, कारण तेच आधी समोर येतं. पण आजकाल बऱ्याच कार्यालयांत ईमेल, पोर्टल, हजेरी या सगळ्यांसाठी लॉगिनचं पान एकच असतं. पोर्टल तुम्हाला तात्पुरतं तिकडे पाठवतं आणि ओळख पटली की परत बोलावतं. त्या क्षणी पत्त्याच्या पट्टीत काहीसं असं दिसतं:

```
https://login.example.org/authorize?client_id=portal&state=Xk29f&nonce=81c7
```

यातले `state` आणि `nonce` यांच्यापुढचे संकेत त्या एका वेळेपुरतेच असतात. तुम्ही हा पत्ता जतन केलात आणि दुसऱ्या दिवशी उघडलात, तर लॉगिनचं पान नीट दिसतं, पासवर्डही बरोबर असतो, आणि तरी शेवटी एरर येतो. माणसाला वाटतं पासवर्ड चुकला. तो तीनदा दुसरेच पासवर्ड टाकून पाहतो आणि खातं कुलूपबंद होऊ शकतं. तेव्हा आधी लॉगिन करावं, पोर्टलचं मुखपृष्ठ समोर येऊ द्यावं, पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्ह आणि त्यामागची लांबलचक शेपटी नाही ना हे पाहावं आणि मगच तो पत्ता बुकमार्कमध्ये घालावा. उद्या त्यावर क्लिक केलं की लॉगिन लागत असल्यास पोर्टल स्वतःच ताज्या संकेतांसह तिकडे पाठवेल.

बुकमार्क दुरुस्त झाले तरी जुना पत्ता आणखी दोन-तीन ठिकाणी दडलेला असतो. पत्त्याच्या पट्टीत पहिली दोन अक्षरं टाइप केली की ब्राउझर जुनाच पत्ता सुचवतो. त्या सूचनेवर बाणाच्या कळीने जाऊन `Shift+Delete` दाबलं की ती निघून जाते. डेस्कटॉपवर शॉर्टकट असेल तर त्यावर उजवी क्लिक करून `Properties` मध्ये पत्ता बदलता येतो. फोनच्या होम स्क्रीनवर ठेवलेल्या आयकॉनचा पत्ता मात्र बदलण्याची सोय नसते. तो काढून टाकावा लागतो आणि नवं पान उघडून अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूतून, आयफोनवर शेअरच्या बटणातून नव्याने ठेवावा लागतो. आम्ही ‘बुकमार्क बदलला, तरी जुनंच उघडतंय’ अशा तक्रारी पाहिल्या की आधी या आयकॉनकडेच पाहतो.

या सगळ्यापेक्षा काळजीची गोष्ट वेगळीच आहे. ‘पोर्टलची लिंक बदलली आहे, येथे क्लिक करून लॉगिन करा’ हे वाक्य खऱ्या सूचनेत असतं आणि पासवर्ड चोरणाऱ्याच्या ईमेलमध्येही अगदी तसंच असतं. वाचणाऱ्याने फरक करावा कसा? पत्ता वाचायची एक पद्धत आहे. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे शेवटचे दोन शब्द पाहायचे. `staff.example.org` मध्ये ते `example.org` आहेत, म्हणजे आपल्या संस्थेचंच नाव. पण `staff.example.org.example.net` असा पत्ता आला, तर सुरुवात ओळखीची असूनही मालक `example.net` हा दुसराच कुणी आहे. `staff-example.org` मध्ये टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे, म्हणून तेही वेगळं नाव झालं. काही भारतीय नावांच्या शेवटी `gov.in` किंवा `co.in` अशी जोडी असते, तिथे शेवटचे तीन शब्द पाहावेत. बँकांच्या बाबतीत ही खूण सोपी व्हावी म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळं `.bank.in` या शेवटाखाली न्यायला सांगितलं. त्या शेवटाची नावं फक्त बँकांनाच मिळतात.

म्हणून चांगली सूचना माणसाला क्लिक करायला लावत नाही, पत्ता टाइप करायला लावते. ती साधारण अशी असावी:

‘कर्मचारी पोर्टल सोमवार, ५ तारखेपासून `staff.example.org` या पत्त्यावर असेल. कृपया हा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करावा. या सूचनेत मुद्दाम लिंक दिलेली नाही. आपला युजर आयडी आणि पासवर्ड पूर्वीचाच राहील, तो बदलण्यास कोणी सांगितल्यास सांगू नये. जुना पत्ता `intranet.example.org` महिनाअखेरपर्यंत नव्या पत्त्यावर पाठवेल, त्यानंतर बंद होईल. जुना बुकमार्क काढू नये, त्यातील पत्ता बदलावा. हीच सूचना दर्शनी फलकावर लावली आहे. शंका असल्यास आयटी विभागाच्या नेहमीच्या अंतर्गत क्रमांकावर फोन करावा.’

यातली फलकाची ओळ महत्त्वाची आहे. खोटा ईमेल पाठवणाऱ्याला कार्यालयातल्या फलकावर कागद डकवता येत नाही. फोन नंबरही ‘नेहमीचा’ आहे, सूचनेत नव्याने दिलेला नाही. आणि तारखा दोन आहेत, नवा पत्ता कधी सुरू होणार आणि जुना कधी बंद पडणार. आयकर विभागाने २०२१ मध्ये रिटर्न भरण्याचं पोर्टल नव्या पत्त्यावर नेलं, तेव्हा १ ते ६ जून जुनं पोर्टल बंद राहील आणि ७ जूनला `incometax.gov.in` वर नवं सुरू होईल, हे आधीच जाहीर केलं होतं. नव्या पोर्टलवर पुढे बऱ्याच तांत्रिक अडचणी आल्या, ती गोष्ट निराळी. पण कोणत्या दिवशी कुठे जायचं, हे करसल्लागारांना आधी कळलं होतं आणि त्याप्रमाणे त्यांना आपली कामं पुढेमागे करता आली.

उरलेलं काम आयटी विभागाचं. जुन्या पत्त्याचा रीडायरेक्ट सुरुवातीला गुपचूप असला तरी चालेल, पण शेवटच्या आठवड्यात त्याजागी एक साधं पान लावावं: ‘पत्ता बदलला आहे, आपला बुकमार्क दुरुस्त करा’, खाली नवा पत्ता. तेव्हाच लोकांचे हात हलतात. जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत कोणत्या संगणकावरून अजून मागणी येते तेही दिसतं. बहुधा त्यात स्वागतकक्षातला सामायिक संगणक असतो, रजेवर असलेलं कुणीतरी असतं आणि एखादी एक्सेल फाइल असते, जिच्यात कुणीतरी फार पूर्वी जुनी लिंक चिकटवून ठेवलेली असते. त्या यादीतल्या लोकांना एकेक फोन करावा आणि ती थांबल्यावरच जुना पत्ता बंद करावा. संस्थेचं मूळ नावच बदललं असेल, तर जुन्या नावाची नोंदणी पुढची काही वर्षं पैसे भरून चालू ठेवावी. ती सोडली की दुसरा कुणीही ते नाव घेऊ शकतो, आणि न बदललेला प्रत्येक बुकमार्क मग त्याच्या दारात जाऊन उघडतो.