लिंबाची पाळी शेवटी

स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी आम्ल-आम्लारीचा व्हिडिओ करायचा म्हटलं की हात आधी लिंबाकडे जातो. दर्शक म्हणून हळद घेतली असेल, तर संहिता तिथेच फसते. हळद आम्लात पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. मुलांना लिंबू पिळलेलं दिसेल, घडलेलं काहीच दिसणार नाही. म्हणून हळदीच्या प्रयोगात लिंबाला शेवटचं दृश्य द्यावं.

आधी पट्ट्या करून ठेवाव्या लागतात. चमचाभर हळद दोन-तीन चमचे पातळ, अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये कालवायची. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, पाण्यात जेमतेम विरघळतं, अल्कोहोलमध्ये मात्र छान उतरतं. जवळ पेटता गॅस नको. हे मिश्रण टीपकागदाला लावून सावलीत वाळवायचं, कारण उन्हात हा रंग विटतो.

पहिलं दृश्य धुण्याच्या साबणाच्या वडीचं. निवेदन एवढंच: "पट्टी पिवळी आहे. आता साबणाचं पाणी टाकू." थेंब पडताच लालसर डाग उमटतो. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, ते इथे कळतं. भांड्यांचं लिक्विड मात्र आधी तपासून घ्या; काही लिक्विड जवळजवळ उदासीन असतात, त्यांनी रंग हलत नाही.

दुसरं दृश्य खाण्याच्या सोड्याचं, आणि इथे निवेदकाने "लाल झाली!" असं ओरडू नये. या सोड्याच्या पाण्याचा पीएच आठच्या जरा वर असतो आणि हळदीचा रंग नेमका त्याच्या आसपास पालटू लागतो. त्यामुळे पट्टी फार तर नारिंगी होते. गडद लाल हवा असेल तर पानाचा चुना घ्या. चिमूटभर चुना अर्धी वाटी पाण्यात ढवळून निवू द्यायचा आणि वरची निवळी घ्यायची. हळदीपासून कुंकू करतात तेही चुन्यासारख्या आम्लारीच्याच जोरावर. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा ढवळायचं काम मोठ्यांकडे आणि चष्मा सगळ्यांना.

चित्रीकरणात एक फसवणूक मोबाइल करतो. तो प्रकाशाप्रमाणे रंग आपोआप सावरतो आणि नारिंगी पट्टी पुन्हा पिवळी दिसू लागते. उपाय सोपा: साध्या पाण्यात भिजवलेली पट्टी पांढऱ्या कागदावर प्रत्येक दृश्यात शेजारी ठेवा. तुलना तिच्याशीच करायची.

आता लिंबू. चुन्याने लाल झालेल्या पट्टीवर रसाचा थेंब टाका. जिथे थेंब पसरेल तिथे लाल जाऊन पिवळा परत येतो. आम्लाने आम्लारी संपवली, हे उदासीनीकरण. हे लगेच टिपायला हवं, कारण आम्लारीत कर्क्युमिन टिकत नाही, लाल हळूहळू तपकिरी पडतो.

लिंबू आणि पाणी यांतला फरक दाखवायचाच असेल, तर दुसरा दर्शक लागेल. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घ्या. लिंबाने ते गडद गुलाबी होतं, चुन्याच्या निवळीने हिरवं.