दोनशे पिक्सेलचा लोगो, तीन फुटांचा फलक

एखाद्या बचत गटाचा लोगो समजा: गोल कडं, आत उखळ-मुसळाचं रेखाचित्र, खाली गटाचं नाव. मूळ फाईल हरवलेली, हाती उरलं आहे ते व्हॉट्सॲपवरून आलेलं दोनशे पिक्सेल रुंदीचं जेपीजी. ते तीन फूट रुंद छापलं, तर एकेक पिक्सेल सुमारे साडेचार मिलिमीटरचा होतो आणि कड्याला पायऱ्या दिसू लागतात. व्हेक्टर फाईलमध्ये ठिपके नसतात, रेषांची गणितं असतात. म्हणून ती व्हिजिटिंग कार्डावर जितकी रेखीव, तितकीच फलकावरही.

जेपीजी नुसतं पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून सेव्ह केलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आत तेच ठिपके राहतात. चित्र ट्रेस करावं लागतं. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय Path > Trace Bitmap इथे आहे. तिच्यामागे पीटर सेलिंगर या गणितज्ञाचं पोट्रेस चालतं.

पण आधी मूळ चित्र गिम्पसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चौपट मोठं करावं, आणि तेही क्यूबिक पद्धतीनं. रेषेच्या कडेला काही करडे पिक्सेल असतात. खरी कड पिक्सेलच्या मधोमध कुठे जाते, हे त्यांच्या छटेवरूनच कळतं. थेट काळं-पांढरं केलं, तर ही माहिती पुसली जाते. मोठं केल्यावर Brightness cutoff निवडावं. Threshold आधीपासून 0.45 असतो, बारीक रेषा तुटत असतील तर तो वाढवावा, शेजारच्या रेषा एकमेकींना चिकटत असतील तर कमी करावा. जेपीजीमुळे उठलेले बारीक डाग Speckles घालवतं.

ट्रेस झाला म्हणजे लोगो तयार झाला, असं मात्र नाही. सॉफ्टवेअरला फक्त कड दिसते. हे वर्तुळ आहे, हे त्याला ठाऊक नसतं. Ctrl+5 दाबून नुसत्या बाह्यरेषा पाहाव्यात. नेमक्या वर्तुळाला चार नोड पुरतात. ट्रेसमधल्या कड्यावर पंचवीस-तीस निघाले, तर मोठ्या आकारात ते हमखास खडबडीत दिसणार. असं कडं दुरुस्त करत बसण्यापेक्षा काढून टाकावं आणि वर्तुळाच्या टूलनं नवं काढावं. उखळाच्या सरळ बाजूंनाही दोन टोकांचे नोड ठेवून मधले पुसावेत. हातानं काढलेल्या मुसळाचा हलका बाक मात्र जपावा, चित्राचा जीव त्यातच असतो.

देवनागरी अक्षरं ट्रेस करूच नयेत. दोनशे पिक्सेलमध्ये शिरोरेषा लाटांसारखी येते, मात्रा आणि अनुस्वार अक्षराला चिकटतात. फॉन्ट ओळखून, नाहीतर त्याच्या जवळचा घेऊन, नाव पुन्हा टाइप करावं. छपाईला देण्याआधी Object to Path केलं, की छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं मोडत नाहीत. टाइप केलेल्या मजकुराची प्रत मात्र वेगळी ठेवावी, कारण एकदा पाथ झालेल्या नावातलं ऱ्हस्व-दीर्घ टाइप करून सुधारता येत नाही.